हात लागला होता, तरी तो ‘नाही’ म्हणाला

*ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. बुद्धिबळ खेळतो. मागच्या रविवारी अकरा वर्षांखालच्या गटाची रेटिंग स्पर्धा होती. चौथ्या फेरीत त्याने घोडा उचलला, परत जागेवर ठेवला आणि उंटाची चाल केली. समोरच्या मुलाने लगेच हात वर करून आर्बिटरना बोलावलं. माझ्या मुलाने सांगितलं, ‘मी घोड्याला हात लावलाच नाही.’ बघणारं कुणी नव्हतं, म्हणून डाव पुढे चालू ठेवायला सांगितला. तो डाव हा जिंकला आणि त्याला गटात पाचवा कप मिळाला. घरी येताना रिक्षात स्वतःहूनच म्हणाला, ‘आई, लागला होता हात.’ याचे बाबा म्हणतात, लहान आहे, विसरून जाईल. सर म्हणतात, आर्बिटरने मान्य केलं ना, मग विषय संपला. कप टीव्हीशेजारी ठेवलाय आणि मला तो बघवत नाही. मी काय करू?*
*एक आई, सांगली*

ताई, आधी सरांच्या वाक्याचं बघू, कारण तुमच्या घरात सगळं त्या वाक्यावर अडलंय. मी बरीच वर्षं मुलांच्या स्पर्धांमध्ये आर्बिटर म्हणून उभी राहते आहे, त्यामुळे त्या टेबलापाशी काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. दोन मुलं, दोघांचे चेहरे लाल, एक म्हणतो ‘लावला’, दुसरा म्हणतो ‘नाही लावला’. शेजारच्या पटावरची मुलं आपापल्या डावात बुडालेली. अशा वेळी माझ्याकडे कुठलाच पुरावा नसतो. मी घड्याळ थांबवते, दोघांचं ऐकते, शेजाऱ्यांना विचारते, आणि काहीच हाती लागलं नाही तर ‘खेळा पुढे’ म्हणते. त्या ‘खेळा पुढे’चा अर्थ एवढाच की मला ठरवता आलं नाही. ‘हात लागला नव्हता’ असा निकाल मी दिलेला नसतो. आर्बिटरने मान्य केलं असं सर म्हणतात, पण तिथे मान्य करण्यासारखं काही घडलंच नाही. खरं काय ते त्या वेळी एकालाच पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने ते रिक्षात तुम्हाला सांगितलं.

आता तो क्षण जरा जवळून बघा. तुमच्या मुलाला पट मांडायला सांगा. ‘खोटं का बोललास’ यापासून सुरुवात करू नका, डावापासून करा. ‘तेव्हा कुठे काय होतं, मांडून दाखव’ म्हणा. नऊ वर्षांच्या मुलाला आपला डाव आठवतो, आणि नाहीच आठवला तर त्याच्या स्कोअरशीटवर आहेच. माझा अंदाज असा की प्रकार साधारण या धर्तीचा असेल, कारण मुलांच्या पटावर मी हा शंभरदा पाहिलाय. समोरच्याचा उंट तुमच्या मुलाच्या घोड्यावर रोखलेला, आणि त्या घोड्याच्या मागे, त्याच तिरक्या रेषेत, वजीर. मधल्या पट्टीत समोरच्याचं एक प्यादं फुकट मिळताना दिसलं. हात घोड्याकडे गेला, घोडा वर उचलला आणि त्याच क्षणी डोळ्यांना उंट दिसला. घोडा हलला की रेषा मोकळी होते आणि उंट सरळ वजिरावर येतो. घोडा कुठल्याही घरात टाकला तरी तो त्या तिरक्या रेषेवर राहू शकत नाही, घोड्याची चालच तशी आहे. म्हणजे घोडा हलवणं भागच पडलं तर वजीर गेला, आणि बदल्यात फार तर तो उंट आणि एक प्यादं. एवढं सगळं त्याला अर्ध्या सेकंदात कळलं आणि घोडा परत घरात आला.

इथे नियम नीट समजून घ्या, म्हणजे बोलताना तुम्ही चुकणार नाही. आपली पाळी असताना मुद्दाम ज्या मोहऱ्याला हात लावला, त्याने नियमात बसणारी चाल होत असेल तर तोच चालवावा लागतो. कुठल्या घरात टाकायचा हे तोवर खुलं असतं, हात सुटल्यावर तेही संपतं. त्या मोहऱ्याला एकही चाल नसेल, उदाहरणार्थ घोड्यामागे वजिराऐवजी राजा असेल आणि घोडा हलवला की राजाला शह बसत असेल, तर मात्र दुसरं काहीही खेळता येतं. मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे पुढचा मोहरा असा अडकला की त्याला पिन म्हणतात. कधी कधी मुलं या दोन पिनांत, वजिराच्या आणि राजाच्या, खरोखर गोंधळतात, ‘घोडा पिन होता, मग मी का चालवू’ असं अगदी मनापासून विचारतात. तुमच्या मुलाने ‘पिन होता म्हणून’ असं म्हटलं असतं तर मी त्याला अज्ञान म्हटलं असतं. पण तो ‘लावलाच नाही’ म्हणाला. म्हणजे त्याला नियम माहीत होता.

नियमात ‘मुद्दाम’ हा शब्द आहे आणि तो महत्त्वाचा आहे. बाही घासली, कोपर लागलं, चाल करताना शेजारचं प्यादं पडलं, यात कुणी अडकत नाही. मोहरा घरात वाकडा बसला असेल तर आपल्या पाळीला आधी ‘ॲडजस्ट’ म्हणायचं आणि मग सरळ करायचा. आधी. घोडा उचलून झाल्यावर, उंट दिसल्यावर ‘ॲडजस्ट, ॲडजस्ट’ म्हणणारी मुलं मला प्रत्येक स्पर्धेत भेटतात, आणि त्यांना तो घोडा चालवावाच लागतो.

हा नियम कडक कशासाठी, हे त्याला पटावर दाखवता येईल. समजा हात लावून मागे घ्यायची मुभा आहे. मग मी घोड्याला हात लावते आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघते. तो हसला की घोडा सोडते, उंटाला हात लावते, परत बघते. त्याच्या चेहऱ्यावरून माझी चाल ठरते. तुम्ही घरी दोघं बसून एक डाव असा खेळून बघा, तुम्ही मुद्दाम असंच करा. दहाव्या चालीच्या आतच तो चिडेल. का चिडलास, हे मग त्यालाच सांगू द्या.

हे त्याच्यात आलं कुठून, याचं उत्तर बहुधा तुमच्या घरातच आहे, आणि ते ऐकून तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. दोन प्रश्न विचारते. घरी बाबांबरोबर खेळताना तो चाल मागे घेतो का? आणि रोजचा सराव कशावर करतो, लाकडी पटावर की फोनवर? माझ्याकडे येणारी बरीच मुलं आठवड्यात पंचवीस-तीस डाव फोनवर खेळतात आणि खऱ्या पटावर दोन. फोनवर मोहऱ्यावर बोट ठेवा, उचला, पटावर फिरवा, परत ठेवा, कुणी काही म्हणत नाही, कारण तिथे स्पर्शाचा नियमच नाही. नियमाबाहेरची चालही फोन करू देत नाही. बोटांना तीच सवय लागते. मग स्पर्धेत हात डोळ्यांच्या आधी धावतो, आणि परतही फोनवर येतो तसाच येतो. घोडा परत ठेवणं हे मी या सवयीच्या खाती टाकते. त्यात फसवणूक होती असं मला वाटत नाही.

फसवणूक झाली ती त्यानंतर, हात वर झाल्यावर. आर्बिटरने विचारलं तेव्हा त्याला विचार करायला वेळ होता, भले थोडाच असेल. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा आणि त्याच्याशीही वेगवेगळ्या बोला. पहिलीला सराव हवा. दुसरीसाठी त्याला जाऊन सांगावं लागेल.

दुसरीबद्दल विचारताना ‘भीती कशाची वाटली’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. मला वाटतं वजीर जाण्याची भीती कमी असेल. समान रेटिंगच्या दोन मुलांच्या क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाच्या डावात जिंकणाऱ्याला रेटिंगचे वीस गुण मिळतात आणि हरणाऱ्याचे वीस जातात, म्हणजे एका घोड्यावर चाळीस गुणांचा फरक. मोठ्यांच्या मानाने हे खूप आहे, कारण अठरा वर्षांखालच्या मुलांचं रेटिंग मुद्दामच जास्त वेगाने वरखाली होईल अशी रचना आहे. मुलांना हे हिशेब तोंडपाठ असतात. आणि हॉलच्या दारापाशी उभं राहून आपण आल्या आल्या पहिला प्रश्न काय विचारतो? ‘जिंकलास का?’ बाबा असा प्रश्न विचारत असतील तर त्यांना वाईट वाटेल असं काही बोलू नका. फक्त पुढच्या स्पर्धेत दारात तुम्ही उभ्या राहा आणि पहिला प्रश्न असा विचारा: ‘कोणत्या चालीला जास्त वेळ लागला?’

मुलाला एक खरी गोष्ट सांगता येईल. १९९४ साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत गॅरी कास्पारोव आणि युडिट पोल्गार यांचा डाव झाला. तो जगज्जेता, ती सतरा वर्षांची. कास्पारोवने घोडा एका घरात ठेवला, हात सोडला, आणि चाल चुकली हे लक्षात येताच घोडा परत उचलून दुसऱ्या घरात ठेवला. पोल्गारने तेव्हा तक्रार केली नाही आणि डाव हरली. नंतर स्पॅनिश टीव्हीच्या चित्रीकरणात दिसलं की बोटं घोड्यावरून सुटली होती, साधारण पाव सेकंद. कास्पारोवचं म्हणणं होतं की हात सुटल्याचं त्याला जाणवलंच नव्हतं. या गोष्टीतून ‘जगज्जेत्यानेही केलं’ एवढंच मूल उचलेल, अशी भीती तुम्हाला वाटेल. पण त्याच्याशी पाव सेकंदाबद्दल बोला. कास्पारोव म्हणतो ते खरंही असेल, पाव सेकंदात माणसाला स्वतःच्या बोटांचं कळत नाही. ‘तुझं तसं होतं का?’ एवढं विचारा. त्याने रिक्षात जे सांगितलं त्यावरून तसं नव्हतं, आणि हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. गोष्ट पुढेही सांगा. २००२ मध्ये मॉस्कोत याच पोल्गारने कास्पारोवला रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावात हरवलं. मुलांना हा भाग फार आवडतो.

आता करायचं काय. निकाल बदलेल अशी आशा ठेवू नका. डाव संपल्यावर दोघांनी स्कोअरशीटवर सही केली की तो निकाल चुकीचा असला तरी सहसा कायम राहतो, आर्बिटरने वेगळं ठरवलं तरच बदलतो, आणि स्पर्धा संपून आठवडा झाल्यावर कुणी ते करत नाही. ‘तुझा पॉइंट परत देतो’ असंही त्या दुसऱ्या मुलाला म्हणता येत नाही. या स्पर्धा स्विस पद्धतीच्या असतात, जवळपास सारखे गुण असलेल्यांची जोडी लागते. चौथी फेरी हरल्यामुळे त्या मुलाला पाचव्या आणि सहाव्या फेरीत वेगळेच प्रतिस्पर्धी मिळाले. त्याची सगळी संध्याकाळच वेगळी झाली. हे मुलाला जरूर समजावून सांगा, पण दरडावून नको. कागदावर फेऱ्या काढून दाखवा, कोण कुणाशी खेळलं असतं. त्याला आकडे कळतात, हेही कळेल.

मग मुख्य आर्बिटरना फोन करा. संयोजकांच्या पत्रकावर नंबर असतो. सुरुवातीचं एक वाक्य तुम्ही बोला, ‘माझ्या मुलाला चौथ्या फेरीबद्दल काही सांगायचंय,’ आणि फोन त्याच्या हातात द्या. एवढंच: ‘माझा हात लागला होता, मी नाही म्हणालो.’ हे पाठ करून घेऊ नका, पाठ केलेलं लगेच ऐकू येतं. त्या दुसऱ्या मुलासाठी चिठ्ठी त्याने स्वतः लिहावी, दोन-तीन ओळींची, आणि ती आर्बिटरमार्फत किंवा त्याच्या प्रशिक्षकांमार्फत पोचवावी. थेट त्यांच्या घरी जाऊ नका. त्या पालकांचा राग अजून ताजा असेल आणि तुमचं मूल मोठ्यांच्या भांडणात सापडेल. चिठ्ठीत कारणं नकोत, ‘मी घाबरलो होतो’ हेही नको. ते त्याने तुम्हाला सांगावं.

कप मी परत देईन. आर्बिटर कदाचित म्हणतील ठेवा, लहान आहे. तरीही विचारा, सहाव्या मुलाला देता येईल का. नाही म्हणाले तर कप टीव्हीशेजारून उचला आणि मुलाला विचारून ठरवा कुठे ठेवायचा. त्याच्या समोर कचऱ्यात टाकू नका, लपवूही नका. त्या स्पर्धेतले इतर डाव त्याने खरेच जिंकले असतील, तेही त्या कपात आहेत.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. रिक्षात त्याने स्वतःहून सांगितलं, ते उद्या कुठल्याही भांडणात त्याच्या अंगावर फेकू नका. ‘तू काय, बुद्धिबळातही खोटं बोललास’ असं वाक्य एकदा जरी आलं, तर पुढच्या वेळी रिक्षात तो खिडकीबाहेर बघत बसेल.

सवयीसाठी जे करायचं ते सोपं आहे, पण रोज करावं लागतं. फोन कमी आणि लाकडी पट जास्त. घरातला प्रत्येक डाव घड्याळ लावून, हात लावला की चालवायचं या नियमाने. बाबांनाही तोच नियम. पहिले आठ दिवस तो तीन-तीन वजीर घालवेल, रडेल, पट उधळेल. तरी चाल मागे देऊ नका, फक्त डाव पुढे खेळा. चाल ठरेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली ठेवायला सांगा. मी अजूनही माझ्या मुलांना हेच सांगते, हास्यास्पद दिसतं पण उपयोग होतो. पूर्वी काही शिक्षक चाल आधी लिहायला लावायचे आणि मग खेळायला. स्पर्धेत आता चाल खेळण्याआधी लिहिणं नियमात बसत नाही, म्हणून तो मार्ग नको. मोहऱ्यांवर नुसता हात फिरवत राहायची सवय असेल तर तीही मोडा. हात लागत नसला तरी समोरच्याचं लक्ष उडतं आणि त्याबद्दल तो तक्रार करू शकतो.

हेही सांगा की समोरच्याने हात लावला तर त्यानेही निःसंकोच हात वर करावा. त्यात भांडखोरपणा नाही. मात्र स्वतः मोहऱ्याला हात लावायच्या आधी. एकदा आपण मुद्दाम आपल्या मोहऱ्याला हात लावला की ती तक्रार करायचा हक्क जातो. घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा, समोरच्याशी वाद घालायचा नाही. त्या रविवारी समोरच्या मुलाने हे अगदी बरोबर केलं होतं, हेही तुमच्या मुलाला कळू द्या.

सरांशी बोलताना तत्त्वं मांडू नका. एवढंच म्हणा, ‘क्लासमधले सराव डाव टच मूव्हने घ्याल का, आणि सरावातही कुणी हात लावला तर चालवायलाच लावाल का?’ चांगले शिक्षक हो म्हणतात, कारण त्याने खेळही सुधारतो. हात उशिरा गेला की डोळ्यांना आणखी दोन सेकंद मिळतात.

शेवटी मला एक मुलगी आठवते, दहा वर्षांची असेल. पाचवी फेरी, तिच्याकडे थोडी वरचढ बाजू. तिला कॅसलिंग करायचं होतं, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला मधून बाजूला सुरक्षित न्यायचं होतं. तिने आधी हत्तीला हात लावला, मग राजाला, आणि दोन्ही हलवून कॅसलिंग केलंही. घड्याळ दाबायला हात गेला आणि तिथेच थांबला. समोरच्या मुलाला काही कळलं नव्हतं, तो आपल्या चालीचा विचार करत होता. तिने हात वर केला. मी गेले तर म्हणाली, ‘ताई, मी आधी हत्तीला हात लावला.’ नियम असा आहे की कॅसलिंगमध्ये राजाला आधी हात लावायचा. हत्तीला आधी लावला तर त्या हत्तीने कॅसलिंग करता येत नाही, हत्तीचीच चाल करावी लागते. मी राजा आणि हत्ती परत जागेवर ठेवले. तिने हत्ती एक घर सरकवला. आता त्या हत्तीने कधीच कॅसलिंग करता येणार नव्हतं, राजा मधेच अडकला. तो डाव ती हरली. बाहेर गेली तेव्हा तिची आई दारात होती. आईने विचारलं, ‘काय गं?’ ती म्हणाली, ‘आधी हत्तीला हात लागला.’ आईने तिच्या हातातून पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडून परत दिली आणि पुढची फेरी किती वाजता आहे ते विचारलं.

पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरायच्या आधी तो फोन करा, ताई. अर्ज भरल्यावर ते राहून जातं.